नफा ३,२४,०००, हक्क त्याहून जास्त: एका भागीदारीच्या नफा-वाटणीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शेतीपंप, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मालक तिघे: दोन सख्खे भाऊ आणि त्यांचे मेहुणे. इथे त्यांना थोरले, धाकटे आणि मेहुणे एवढंच म्हणू. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत.

भांडवलात थोरल्यांचा वाटा सर्वांत मोठा. धाकटे सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसतात. मेहुणे नोकरी सांभाळून आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात. तिघांच्या करारपत्रात या प्रकरणाशी संबंध असलेली कलमं चारच होती. नफा-तोटा ३:२:१ या प्रमाणात वाटायचा. वर्षारंभीच्या भांडवलावर द.सा.द.शे. १० टक्के व्याज द्यायचं, आणि वर्षात भांडवल वाढवलं तर त्या रकमेवर ती आल्या तारखेपासून. धाकट्यांना दरमहा १५,००० रुपये वेतन. आणि चौथं, ज्यावर पुढे सगळं फिरलं: ‘भांडवलावरील व्याज व वेतन नफ्यातून देण्यात येईल, भांडवल वाढवायचे झाल्यास तिघांची लेखी संमती लागेल.’

उचलीवरच्या व्याजाबद्दल करारपत्रात एक अक्षर नव्हतं. भागीदाराने दुकानाला कर्ज दिलं तर त्याचं काय, याबद्दलही नव्हतं.

भांडवल खाती अस्थिर पद्धतीने ठेवलेली होती. म्हणजे भांडवल, उचल, व्याज, नफ्याचा हिस्सा, सगळं एकाच खात्यात पडायचं. १ एप्रिल २०२३ रोजी थोरल्यांचे १२,००,०००, धाकट्यांचे ६,००,००० आणि मेहुण्यांचे ४,५०,००० रुपये जमा होते. १ जुलैला धाकट्यांनी आणखी २,००,००० आणले. त्यावर तिघांच्या सह्यांचं संमतीपत्र झालं. १ ऑक्टोबरला मेहुण्यांनी ३,००,००० बँकेतून पाठवले. त्याचं संमतीपत्र झालं नाही. वर्षभरात घरखर्चासाठी थोरल्यांनी १,८०,०००, धाकट्यांनी १,२०,००० आणि मेहुण्यांनी ६०,००० उचलले.

## अडचण

आधीच्या वर्षांत नफा भरपूर असल्यामुळे व्याज आणि वेतन देऊनही वाटायला बरीच रक्कम उरायची. २०२३-२४ मध्ये पाऊस कमी झाला, पंपांची विक्री बसली, उधारी अडकली. वर्षाअखेर नफा-तोटा खात्याने ३,२४,००० रुपये निव्वळ नफा दाखवला. हा नफा धाकट्यांचं वेतन आणि भागीदारांना द्यायचं कुठलंही व्याज धरण्याआधीचा आहे.

हिशेबनिसांनी दरवर्षीप्रमाणे तक्ता केला. तेरजेतली ३१ मार्चची शिल्लक घेतली आणि प्रत्येकाच्या शिल्लकेवर १० टक्के लावले. थोरल्यांची शिल्लक १०,२०,०००, व्याज १,०२,०००. धाकट्यांची ६,८०,०००, व्याज ६८,०००. मेहुण्यांची ६,९०,०००, व्याज ६९,०००. व्याजाची बेरीज २,३९,०००. त्यात वेतन १,८०,००० मिळवून ४,१९,००० झाले. नफा ३,२४,०००च होता, म्हणून ९५,००० तूट आली. ती त्यांनी ‘तोटा’ म्हणून ३:२:१ मध्ये टाकली: थोरल्यांना ४७,५००, धाकट्यांना ३१,६६७, मेहुण्यांना १५,८३३.

शेवटी थोरल्यांच्या वाट्याला ५४,५०० आले आणि मेहुण्यांच्या ५३,१६७. बारा लाखांच्या भांडवलावर जे मिळालं, साधारण तेवढंच वर्षाच्या सुरुवातीला साडेचार लाख असलेल्याला मिळालं. थोरल्यांनी सही करायला नकार दिला. ‘तोटा झालाच नाही तर माझ्या नावे साडेसत्तेचाळीस हजार तोटा कुठून आला?’ हा त्यांचा प्रश्न रागाने विचारलेला होता, पण हिशेबाच्या दृष्टीने तो अगदी नेमका होता.

तक्ता बेरजेला जुळत होता. तिघांचे आकडे मिळवले की बरोबर ३,२४,००० होत होते. म्हणून हिशेबनिसांना चूक दिसत नव्हती. विनियोग खातं जुळणं एवढंच सांगतं की सगळा नफा कुणाच्या तरी खात्यात गेला. तो योग्य माणसाच्या खात्यात गेला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

## पहिला निर्णय: व्याज कोणत्या रकमेवर?

करारपत्रात ‘वर्षारंभीच्या भांडवलावर’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणून इथे मतभेदाला जागा नव्हती. अस्थिर पद्धतीत मात्र तेरीज हाती घेतली की समोर दिसते ती अखेरची शिल्लक, आणि घाईत तिच्यावरच व्याज लागतं. वर्षारंभीची शिल्लक मिळवायला उलट चालत जावं लागतं: अखेरच्या शिल्लकेत उचल मिळवायची, वर्षात आणलेली रक्कम वजा करायची, आणि नफ्याचा हिस्सा वा व्याज आधीच जमा केलं असेल तर तेही वजा करायचं. इथे ते अजून जमा झालेलं नव्हतं.

धाकट्यांचं उदाहरण घेऊ. ६,८०,००० अधिक उचल १,२०,००० म्हणजे ८,००,०००. त्यातून जुलैत आणलेले २,००,००० वजा केले की ६,००,०००. हा आकडा मागच्या वर्षीच्या ताळेबंदातल्या शिल्लकेशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर पुढे जाऊच नये. एखादी उचल खर्चात पडलेली असते किंवा घरचा खर्च दुकानाच्या खात्यात गेलेला असतो.

मग व्याज असं लागतं: ६,००,००० वर पूर्ण वर्षाचे ६०,०००, आणि २,००,००० वर जुलै ते मार्च अशा नऊ महिन्यांचे १५,०००. एकूण ७५,०००. थोरल्यांचे १२,००,००० वर १,२०,०००. मेहुण्यांचे ४,५०,००० वर ४५,०००. त्यांच्या तीन लाखांचा विचार पुढे येतो.

बेरीज २,४०,०००. हिशेबनिसांची बेरीज २,३९,००० होती. म्हणजे एकूण रकमेत फरक फक्त एक हजाराचा, पण थोरल्यांचे १८,००० आणि धाकट्यांचे ७,००० कमी लागले होते आणि मेहुण्यांचे २४,००० जास्त. एकूण व्याज मागच्या वर्षाच्या जवळपास आलं म्हणून तक्ता बरोबर असावा, अशी ढोबळ तपासणी इथे पूर्ण फसली असती. व्याज भागीदारागणिकच तपासावं लागतं.

धाकट्यांनी इथे एक हरकत घेतली. थोरल्यांनी वर्षभर दरमहा १५,००० उचलले, मग तेवढं भांडवल दुकानात नव्हतंच. त्यावर व्याज का? हा मुद्दा अगदीच गैर नाही. उचल मूळ भांडवलातूनच काढली असं ठरलेलं असेल, तर त्या तारखेपासून व्याजाची रक्कम कमी करतात. येणाऱ्या नफ्याच्या भरवशावर घेतलेल्या नेहमीच्या उचलीने मात्र भांडवल कमी झालं असं धरत नाहीत. तिची भरपाई उचलीवरच्या व्याजाने होते. आणि उचलीवर व्याज करारात असेल तरच लावता येतं. समजा ८ टक्के ठरलं असतं, तर दर महिन्याच्या अखेरीस उचललेल्या १,८०,००० वर सरासरी साडेपाच महिन्यांचं, म्हणजे ६,६०० रुपये लागलं असतं. महिन्याच्या सुरुवातीला उचललं असतं तर साडेसहा महिन्यांचं, ७,८००. करारपत्र गप्प असल्यामुळे तिघांनाही शून्य लागलं.

## दुसरा निर्णय: मेहुण्यांचे तीन लाख भांडवल की कर्ज?

हिशेबनिसांनी ही रक्कम भांडवल खात्यात जमा केली होती, कारण ती भागीदाराकडून आली होती. पण भागीदाराकडून आलेला प्रत्येक रुपया भांडवल नसतो. करारपत्राप्रमाणे भांडवल वाढवायला तिघांची लेखी संमती हवी होती आणि ती नव्हती. शिवाय मेहुण्यांनी पैसे पाठवताना थोरल्यांना लिहिलेल्या संदेशात ‘हंगाम झाला की परत द्या’ असं होतं. परत मागायच्या बोलीवर दिलेली रक्कम म्हणजे कर्जच.

करारात कर्जाचा दर नसेल तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चं कलम १३ लागू होतं: कबूल केलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम भागीदाराने धंद्यासाठी दिली, तर त्यावर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज. सहा महिन्यांचे ३,००,००० वर ९,००० रुपये. हा विनियोग नव्हे, हा नफ्यावरचा भार आहे. नफा असो की तोटा, ते व्याज द्यावंच लागतं, आणि ते नफा विनियोग खात्यात न जाता त्याआधीच्या नफा-तोटा खात्यात नावे पडतं.

मेहुण्यांना हे पटत नव्हतं. भांडवल धरलं तर १० टक्क्यांनी १५,००० होतात, कर्ज धरलं तर ९,०००. सहा हजारांचा सरळ तोटा आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही तक्ते मांडून दाखवल्यावर चित्र बदललं. यंदा नफा अपुरा असल्यामुळे भांडवलावरचं व्याज कुणालाच पूर्ण मिळणार नव्हतं. रक्कम भांडवल धरली असती तर त्यांना एकूण सुमारे ४४,६९० मिळाले असते. कर्ज धरून ४२,७५० मिळत होते. फरक दोन हजारांच्याही आत. शिवाय संस्था विसर्जित झाली तर बाहेरची देणी भागवल्यावर आधी भागीदारांची कर्जं फेडतात आणि नंतर भांडवल. उधारी अडकलेल्या वर्षात ही जागा त्यांना दोन हजारांपेक्षा मोलाची वाटली. तीन लाख भांडवल खात्यातून काढून ‘मेहुण्यांचे कर्ज खाते’ असं नवं खातं उघडलं गेलं.

## तिसरा निर्णय: नफा पुरत नाही, तर कोणाला किती?

कर्जाचं व्याज गेल्यावर विनियोगासाठी उरले ३,१५,०००. हक्क होते व्याजाचे २,४०,००० आणि वेतनाचे १,८०,०००, मिळून ४,२०,०००. चार मार्ग समोर होते.

पहिला हिशेबनिसांचा: व्याज आणि वेतन पूर्ण द्यायचं, तूट ३:२:१ मध्ये वाटायची. दुरुस्त आकड्यांवरही असं करता आलं असतं. तूट १,०५,०००, थोरल्यांना ५२,५००, धाकट्यांना ३५,०००, मेहुण्यांना १७,५०० सोसावे लागले असते. हा मार्ग बरोबर ठरतो, पण तेव्हाच, जेव्हा करारात ‘नफा असो वा नसो’ व्याज-वेतन द्यायचं असं लिहिलेलं असतं. मग ते भार होतात आणि त्यांच्यामुळे खराखुरा तोटा निर्माण होऊ शकतो. इथे करारात ‘नफ्यातून’ हा शब्द होता. भांडवलावरचं व्याज फक्त नफ्यातूनच द्यायचं, असं कलम १३ ही सांगतं. नफ्यातून द्यायची रक्कम नफ्यापेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून तूटही होऊ शकत नाही. थोरल्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

दुसरा मार्ग धाकट्यांनी सुचवला: आधी वेतन पूर्ण द्या, उरेल त्यात व्याज. ते रोज दुकानात बसतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे न्याय्य होतं. तसं केलं तर १,८०,००० गेल्यावर १,३५,००० उरतात आणि थोरल्यांचं व्याज १,२०,००० ऐवजी ६७,५०० होतं. गंमत म्हणजे पहिल्या मार्गानेही थोरल्यांच्या हाती ६७,५००च येतात; तो निव्वळ योगायोग. तिसरा मार्ग थोरल्यांचा: आधी व्याज पूर्ण, उरलेले ७५,००० वेतनाला.

दोघांच्या मागण्यांना एकच अडचण होती. करारपत्राने व्याज आणि वेतन एकाच वाक्यात, एकाच पायरीवर ठेवले होते. कोण आधी, हे लिहिलेलं नसताना एकाला पुढे बसवलं तर तो नवा करार झाला, आणि तो मागच्या वर्षाला लावता येत नाही, तिघांनी मान्य केल्याशिवाय.

म्हणून चौथा मार्ग धरला: उपलब्ध नफा हक्कांच्या प्रमाणात वाटायचा. ३,१५,००० भागिले ४,२०,००० म्हणजे ०.७५. प्रत्येक हक्काला रुपयामागे पंचाहत्तर पैसे. थोरल्यांचं व्याज ९०,०००. धाकट्यांचं व्याज ५६,२५० आणि वेतन १,३५,०००. मेहुण्यांचं व्याज ३३,७५०. बेरीज ३,१५,०००, बाकी शून्य.

आणि ३:२:१? त्या प्रमाणाला या वर्षी कामच नव्हतं. नफा-तोटा विभागणीचं प्रमाण लागतं ते सगळे विनियोग होऊन उरलेल्या रकमेला. या दुकानात कर्जाच्या व्याजासकट ४,२९,००० च्या पुढे नफा गेला, तरच ते प्रमाण जागं होतं. समजा विनियोगासाठी ५,४०,००० असते, तर ४,२०,००० गेल्यावर उरलेले १,२०,००० हे ६०,०००, ४०,००० आणि २०,००० असे वाटले गेले असते. आणि नफ्याऐवजी खरोखर तोटा आला असता, तर व्याज-वेतन काहीच न देता तो तोटा ३:२:१ मध्ये गेला असता. मधल्या पट्ट्यात, म्हणजे नफा आहे पण पुरेसा नाही तेव्हा, हे प्रमाण वापरणं हीच त्या तक्त्यातली मूळ चूक होती. सर्वांत मोठा वाटा असलेल्यालाच तिचा सर्वांत मोठा फटका बसतो.

## केलेल्या नोंदी

सर्वांत अवघड दुरुस्ती वेतनाची निघाली. धाकट्यांनी दरमहा १५,००० रोख घेतलेच होते आणि ते ‘भागीदार वेतन खाते’ या नावाने तेरजेत १,८०,००० नावे दिसत होते. त्यांचा हक्क मात्र १,३५,०००च ठरला. म्हणून नफा विनियोग खात्यातून १,३५,००० वेतन खात्याला जमा केले आणि उरलेले ४५,००० धाकट्यांच्या भांडवल खात्यात उचल म्हणून नावे टाकले. हे आकडे त्यांना समजावताना शब्द जपून वापरावे लागतात. कुणीही पगार ‘परत’ मागत नव्हतं. आगाऊ घेतलेली रक्कम हक्कापेक्षा जास्त निघाली, एवढंच.

मेहुण्यांच्या कर्जाचं ९,००० व्याज दिलेलं नव्हतं, म्हणून ते त्यांच्या कर्ज खात्याला जमा होऊन ते खातं ३,०९,००० वर गेलं.

अखेरच्या भांडवलाच्या शिल्लका अशा आल्या. थोरले: १२,००,००० वजा उचल १,८०,००० अधिक व्याज ९०,०००, म्हणजे ११,१०,०००. धाकटे: ८,००,००० वजा उचल १,२०,००० वजा जादा वेतन ४५,००० अधिक व्याज ५६,२५०, म्हणजे ६,९१,२५०. मेहुणे: ४,५०,००० वजा ६०,००० अधिक ३३,७५०, म्हणजे ४,२३,७५०.

दोन्ही तक्त्यांनी प्रत्येकाला एकूण काय दिलं, ते असं:

| भागीदार | पहिला तक्ता | दुरुस्त तक्ता | फरक |
|---|---|---|---|
| थोरले | ५४,५०० | ९०,००० | +३५,५०० |
| धाकटे | २,१६,३३३ | १,९१,२५० | −२५,०८३ |
| मेहुणे | ५३,१६७ | ४२,७५० | −१०,४१७ |
| एकूण | ३,२४,००० | ३,२४,००० | ० |

मेहुण्यांच्या ४२,७५० मध्ये कर्जाचे ९,००० आहेत.

हिशेबनिसांच्या संगणकातल्या तक्त्यात एक छोटा बदल केला. `B4` मध्ये विनियोगासाठी उपलब्ध नफा आणि `B5` मध्ये व्याज व वेतन यांची बेरीज; `B6` मध्ये रुपयामागे किती द्यायचे ते:

```
=MAX(0,MIN(1,B4/B5))
```

आणि `B7` मध्ये ३:२:१ ने वाटायची रक्कम:

```
=B4-B5*B6
```

नफा पुरेसा असेल तर `B6` एक येतो, अपुरा असेल तर अपूर्णांक, तोटा असेल तर शून्य. प्रत्येक हक्काला त्याने गुणायचं. `B7` मध्ये अपुऱ्या नफ्याच्या वर्षी शून्यच दिसतं. तिथे उणे आकडा दिसला तर तो खरा तोटाच असतो.

## आयकराची बाजू

वाटणीच्या तक्त्यात संस्थेचा आयकर धरलेला नाही, कारण या वर्षी तो अगदी किरकोळ होता. करारपत्रात ठरलेल्या भागीदारांच्या व्याजाची १२ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. इथे भांडवलावरचा दर १० होता; कर्जाचं व्याज करारपत्रात नसल्यामुळे त्या ९,००० ची वजावट मिळत नाही. कार्यकारी भागीदाराच्या वेतनाला आयकरात मर्यादा असते. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पुस्तकी नफ्याच्या पहिल्या तीन लाखांपर्यंत १,५०,००० किंवा ९० टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम चालत होती. १,३५,००० त्या मर्यादेत बसले. परिणामी संस्थेचं करपात्र उत्पन्न तेवढ्या ९,००० वर आलं; व्याज आणि वेतन ज्याच्या त्याच्या विवरणपत्रात गेलं.

पुस्तकी नफा आणि करपात्र नफा यांत फरक निघाला, म्हणजे घसारा वेगळा किंवा काही खर्च अमान्य, तर हे इतकं सरळ राहत नाही. तेव्हा संस्थेचा कर आधी काढून मगच विनियोगाची रक्कम ठरवावी.

## निकाल

दुरुस्त तक्त्यावर तिघांच्या सह्या झाल्या. धाकटे नाराज होते, पण करारातलं वाक्य समोर ठेवल्यावर त्यांनी आकडा नाही, करार बदलायची मागणी केली, आणि ती रास्त होती.

मागची वर्षं उघडायची का, हा प्रश्न थोरल्यांनी काढला. अखेरच्या शिल्लकेवर व्याज लावायची चूक जुनीच होती. पण ती खाती तिघांनी सह्या करून मान्य केली होती, विवरणपत्रं भरली गेली होती, आणि नफा पुरेसा असताना एकाचं व्याज कमी लागलं की वाटायची रक्कम तेवढी वाढून काही भाग पुन्हा त्याच्याकडेच येतो. मोठ्या वाट्याच्या थोरल्यांच्या बाबतीत तर अर्धा. त्यामुळे नुकसान होतं, पण यंदाइतकं नाही. तिघांनी मागची खाती न उघडण्याचं लेखी ठरवलं. हा हिशेबाचा नाही, घरचा निर्णय होता. दुसऱ्या संस्थेत तो वेगळा होऊ शकला असता.

पूरक करारपत्र झालं. त्यात वेतन पहिल्या पायरीवर आलं, मात्र दरमहा ठरलेली रक्कम वर्षाअखेरपर्यंत उचल धरायची. व्याज दुसऱ्या पायरीवर. उरलेलं ३:२:१. भागीदाराने आणलेल्या प्रत्येक रकमेसोबत ती भांडवल आहे की कर्ज, दर किती, परतीची तारीख कोणती, हे एका ओळीत लिहून तिघांच्या सह्या. थोरल्यांनी वेतनाला अग्रक्रम कबूल केला त्याच्या बदल्यात खाती स्थिर भांडवल पद्धतीने ठेवायचं ठरलं.

## काय वेगळं करता आलं असतं

स्थिर पद्धत आधीपासून असती तर अखेरच्या शिल्लकेवर व्याज लावायची चूक झालीच नसती, कारण भांडवलाचा आकडा उचलीने हलत नाही. बाकी सगळं चालू खात्यात जातं. या वर्षाचे आकडे त्या पद्धतीने मांडले की आणखी एक गोष्ट दिसते, जी अस्थिर खात्यात झाकली गेली होती. थोरल्यांचं चालू खातं ९०,००० नावे, धाकट्यांचं १,०८,७५० नावे, मेहुण्यांचं २६,२५० नावे. म्हणजे तिघांनीही मिळकतीपेक्षा जास्त उचललं होतं, एकूण २,२५,००० रुपयांनी. भांडण वाट्याचं होतं. त्यात दुकानातून पैसा बाहेर जातोय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

स्थिर पद्धतीलाही एक खोच आहे. चालू खातं नावे गेलं तरी भांडवलावर पूर्ण व्याज मिळत राहतं, म्हणजे थोरल्यांना १२,००,००० वरचंच. म्हणून पूरक करारात चालू खात्याच्या नावे शिल्लकेवरही १० टक्के व्याज आकारायचं कलम घातलं. थोरल्यांच्या ९०,००० वर वर्षाला ९,००० पडतात, आणि धाकट्यांच्या उचलीच्या हरकतीचं उत्तरही त्यातच आलं.

तीन लाखांचा घोळ १ ऑक्टोबरलाच संपला असता. बँकेतून रक्कम आली त्या दिवशी नोंदीच्या तपशिलात ‘मेहुण्यांकडून’ एवढंच लिहिलं होतं. ‘कर्ज, परतीच्या बोलीवर’ हे तीन शब्द लिहून त्याला संदेश जोडला असता, तर सहा महिन्यांनी वाद घालायला काही उरलं नसतं.

आणि वेतन. सप्टेंबरअखेर कच्चा तक्ता काढला असता तर नफा कमी पडतोय हे दिसलं असतं, आणि धाकट्यांचं मासिक वेतन त्या प्रमाणात कमी करून मार्चमध्ये ४५,००० एकदम नावे टाकायची वेळ आली नसती. आता तर आणखी एक कारण आहे: १ एप्रिल २०२५ पासून संस्थेने भागीदाराला दिलेल्या वा त्याच्या खात्याला जमा केलेल्या वेतन-व्याजाची वर्षाची रक्कम २०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. दरमहा वेतन म्हणून द्यायचं आणि मार्चमध्ये त्यातलं काही उचल ठरवायचं, तर कापलेल्या कराचा ताळमेळ बसवत बसावं लागतं. या दुकानाने त्यासाठी दर तिमाहीच्या शेवटी कच्चा विनियोग तक्ता काढायला सुरुवात केली आहे.